सरकून बसा, उठून जाऊ नका

ताई, माझं वय 66. आम्ही कुडाळजवळच्या एका गावात राहतो. मुलगा आणि सून दोघंही कुवेतला होते. सून नर्स आहे. नात मनू 16 महिन्यांची असताना सूनबाई कामावर परत गेली, तेव्हापासून मनू माझ्याजवळ. आता ती 8 वर्षांची आहे, तिसरीत. ते दोघं दरवर्षी महिनाभराच्या रजेवर यायचे. यंदा संक्रांतीनंतर कायमचे परत आले. पहिला महिना इतका छान गेला की शेजारी म्हणाले, रक्त ते रक्तच. फेब्रुवारीच्या शेवटापासून सगळं बिघडलं. मनू माझ्या हातूनच जेवते. रात्री माझा पदर मनगटाला गुंडाळून झोपते. महिन्यात पाच-सहा वेळा अंथरूण ओलं केलं. बापाच्या गाडीवर हौसेने बसते, पण आईने हात लावला की अंग चोरते. तिला "तुम्ही" म्हणते. एकदा तिच्यासमोरच मला विचारलं, "ह्या परत कधी जाणार?" सून त्या दिवशी रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही तिला माझी होऊच दिलं नाहीत." आता मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे, सुनेलाही जूनपासून तिथल्या रुग्णालयात काम आहे. सून म्हणते, मी दोन महिने माझ्या लेकीकडे मालवणला जाऊन राहावं, म्हणजे मनूला आईची सवय होईल. मी जाऊ का?
– एक आजी

ताई, जाऊ नका.

सूनबाईंचा हिशेब मला कळतो. मधली व्यक्ती दूर झाली की मूल आपोआप आईकडे वळेल, असं त्यांना वाटतं. ते वळणार नाही, कारण मनूच्या लेखी मधली व्यक्ती तुम्ही नाही. तिच्या आयुष्यातली आईची जागा आज तुमच्याकडे आहे. तुम्ही मालवणला गेलात, तर तिच्या दृष्टीने एवढंच घडेल की ह्या बाई आल्या आणि आजी गेली. मग ज्या बाईमुळे आजी गेली तिच्याच हातून जेवायचं, तिच्याच कुशीत झोपायचं. कदाचित ती तसं करेलही. शहाण्यासारखी वागेल, हट्ट करणार नाही, आणि घरात सगळ्यांना वाटेल की उपाय लागू पडला. अशी अचानक शहाणी झालेली मुलं मला रडणाऱ्या मुलांपेक्षा जास्त काळजीची वाटतात.

आधी फेब्रुवारीच्या शेवटी काय झालं ते बघू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे रजा महिनाभराची असायची ही. मनूला आईवडील माहीत आहेत ते असे: बॅगा घेऊन येतात, घर चॉकलेटांनी आणि नव्या फ्रॉकांनी भरतं, चार ठिकाणी फिरणं होतं, आणि मग एका सकाळी ती दोघं नसतात. सहा-सात वर्षं हेच बघितलेल्या मुलीने यंदाही मनातल्या मनात तेवढेच दिवस मोजले. पहिला महिना छान गेला, कारण तो तिच्या ओळखीचा महिना होता. पाहुण्यांशी गोड वागायचं असतं, ते तिला येतं. महिना उलटला, पाहुणे हलले नाहीत, उलट पुण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. "ह्या परत कधी जाणार?" या प्रश्नात उद्धटपणा नाही. रेल्वेच्या फलाटावर आपण गाडी कधी सुटणार विचारतो, तसं ती विचारते आहे.

"तुम्ही"चंही तेच. आपल्या भाषेत आईला तू म्हणतात. अहो-जाहो करतात ते बाईंना आणि परक्यांना. व्हिडिओ कॉलवर तिला काय शिकवलं गेलं असेल ते आठवून बघा: आईला नमस्कार कर, कविता म्हणून दाखव, पेपरात किती मार्क पडले सांग. त्या दहा मिनिटांत सूनबाईंना रोज स्टेजवरची मनू दिसली. कुरकुरणारी, नाक पुसून घ्यायला न देणारी, पायात काटा गेल्यावर घर डोक्यावर घेणारी मनू फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणजे अनोळखीपणा दोन्ही बाजूंनी आहे. सूनबाईंनाही ही मुलगी अजून नीट माहीत नाही, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

आता मुलाशी जमतं आणि सुनेशीच नाही, हे कोडं. लंडनमध्ये ख्रिस्तोफ हाइनिके आणि इल्स वेस्टहायमर या दोन अभ्यासकांनी घरापासून काही आठवडे दूर, पाळणाघरात मुक्कामाला राहिलेल्या 10 लहान मुलांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या होत्या. त्या 1966 साली प्रसिद्ध झाल्या. मुलं 13 ते 32 महिन्यांची होती. आई पुन्हा भेटली त्या क्षणी दहाच्या दहा मुलं तिच्यापासून कमीअधिक तुटल्यासारखी वागली. दोघांनी तर तिला ओळखलंच नाही असं वाटलं, बाकीच्या आठांनी तोंड फिरवलं किंवा ती मुलं आईपासून दूर चालू लागली. वडिलांच्या बाबतीत मात्र हे तुटलेपण बरंच कमी दिसलं. आणि ताटातूट जितकी लांबलेली, तितका परकेपणा जास्त टिकला. मनूची गोष्ट अगदी तशी नाही. ती मोठी आहे, तिची ताटातूट काही वर्षांची आहे, आणि ती अनोळखी ठिकाणी नव्हती, तुमच्या मांडीवर होती. तरी एक धागा सारखा आहे: मूल पाठ फिरवतं ते जिच्याबद्दल सगळ्यात जास्त वाटतं तिच्याकडे. बापाबरोबर गाडीवर बसायला धोका नाही. आईच्या कुशीत शिरायला आहे, कारण ती कुशी पुन्हा गेली तर? सूनबाईंना हे वाचून दाखवा. रात्रभर रडलेल्या बाईला हे कळणं गरजेचं आहे.

आता थोडं तुमच्याबद्दल, आणि रागावू नका. "मनू माझ्या हातूनच जेवते" हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण त्यात पाव चमचा अभिमानही आहे. असणारच. या वयात तापातल्या पोराला खांद्यावर घेऊन रात्री काढल्यात, गुडघे झिजवलेत. पण आठ वर्षांची मुलगी भरवून घेते तेव्हा तिला ते जेवण लागतं तितकंच तुम्हालाही लागतं का, हे एकदा स्वतःला विचारा. ती आईकडे जायला निघाली आणि तुमचा चेहरा उतरला, तर तिला तो दिसतो. मुलं आजीचा चेहरा वाचूनच पाऊल टाकतात. म्हणून "जा गं, ती तुझी आई आहे ना" असं तोंडाने शंभरदा म्हणण्यापेक्षा तुम्ही दोघी सासू-सुना स्वयंपाकघरात हसताना तिला दिसलात तर जास्त काम होईल.

सुनेच्या आरोपातही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण तो आरोप पत्ता चुकलेला आहे. तुम्ही मनूला स्वतःची केली नसती, तर आज ती कुणाचीच नसती. जिला एकदा कुणावर तरी पूर्ण टेकता आलं, तिला दुसऱ्यावरही टेकता येतं. तुमचं सात वर्षांचं काम हे सूनबाईंचं भांडवल आहे, पण ते हातात यायला वेळ लागतो.

तर करायचं काय? एसटीच्या बाकावर तिसरी बाई आली की आपण उठून जात नाही, सरकून बसतो. तसंच.

मुलाची कामं दोन प्रकारची असतात. काही त्याच्या आजूबाजूची: डबा, वह्यांना कव्हर घालणं, शाळेत पालकसभेला जाणं, गणवेशाला इस्त्री. काही त्याच्या अंगाची: वेणी, आंघोळ, भरवणं, खरचटल्यावर हळद लावणं, झोपवणं. घरोघरी चूक होते ती इथे. आलेली आई उत्साहाने थेट अंगाची कामं हातात घेते, कारण तिला मूल जवळ हवं असतं, आणि मूल अंग चोरतं. उलट्या टोकाने सुरुवात करा. या आठवड्यापासून डबा सूनबाईंनी करायचा, तोही मनूला विचारून. शाळेत सोडायला आणि आणायला दोघांपैकी एक जाईल, तुम्ही नाही. हे पंधरा दिवस निर्विघ्न चाललं की वेणी.

वेणी कशी द्यायची तेही सांगते, कारण बाकीची कामं त्याच साच्यात जातील. पहिले काही दिवस वेणी तुम्हीच घाला, सूनबाई शेजारी रिबिन धरून बसतील. मनूला म्हणा, "तुझ्या आईला सांग बघू, भांग कुठून पाडायचा." तिला शिकवायला लावा. मग एक वेणी तुमची, एक आईची. वाकडी झाली तर तिघींनी हसायचं, आणि शाळेत वाकडीच जाऊ द्यायची. तुम्ही सोडून पुन्हा घातलीत तर पंधरा दिवसांचं काम पाच मिनिटांत गेलं. नंतर दोन्ही वेण्या आईच्या, तुम्ही त्याच खोलीत तांदूळ निवडत. त्यानंतर तुम्ही पडवीत, पण आवाज येईल इतक्या जवळ. मनूने मध्येच हाक मारली तर ओ द्या, उठू मात्र नका. आजी आहे, पण आत्ता आईच हे करते आहे, इतकं तिला कळलं की पुरे.

जेवण याच पद्धतीने. फक्त भरवायचं काम आईकडे देऊ नका, ते बंदच व्हायला हवं आहे. आईने तिच्या शेजारी ताट घेऊन बसायचं, दोघींनी आपापल्या हाताने जेवायचं, तुम्ही समोर.

झोप सगळ्यात शेवटी. इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट जाणून घ्यायला आवडलं असतं: ती दोघं रजेहून परत जायची तेव्हा गाडी रात्री निघायची का? आखाती विमानांसाठी निघालेल्या घरांत बहुतेक वेळा असंच होतं. पोर रडेल म्हणून झोपेत असतानाच निघायचं, सकाळी त्याला सांगायचं. तुमच्याकडे तसं झालं असेल, तर पदर मनगटाला गुंडाळण्याचं कारण दुसरीकडे शोधायला नको. तिच्या अनुभवात माणसं नाहीशी होतात ती रात्री. म्हणून झोपायची जागा सर्वात उशिरा बदला, आणि तीही अशी की काही आठवडे आई तुमच्या दोघींच्या खोलीतच वेगळी गादी टाकून झोपेल. मनूने स्वतःहून गादी ओलांडली तर ओलांडू द्या. ओढून घेऊ नका. मधेच ताप आला, परीक्षा आली, की ती पुन्हा तुमच्याकडे येईल. येऊ द्या. ताप उतरला की गाडी पुन्हा होती तिथूनच सुरू होते.

अंथरुणाबद्दल थोडं वेगळं. वर्षानुवर्षं कोरडी झोपणारी मुलगी अचानक ओलं करू लागली, तर मनावरचा ताण हे कारण असू शकतं, पण आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जुनं बद्धकोष्ठ असलं तरी असं होतं. तिला तहान खूप लागत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर उशीर करू नका, त्याच दिवशी साखर तपासून घ्या. काही सापडलं नाही, तर चादर गाजावाजा न करता बदलायची आणि शेजाऱ्यांसमोर विषय काढायचा नाही. दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, शाळेला जायला ती नकार देऊ लागली, किंवा खाणं खरोखर तुटलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुणाला गाठायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

यातल्या एखाद्या रात्री मनू विचारेल, "मला का नाही नेलं?" उत्तर आजच ठरवून ठेवा, आणि ते आईनेच द्यायचं, तुम्ही किंवा आजोबांनी नाही. घरोघरी तयार असलेलं उत्तर म्हणजे "तुझ्यासाठीच गेलो होतो गं राणी." ते मोठ्यांच्या दृष्टीने खरं असतं. मुलाला मात्र त्यातून ऐकू येतं की मी नसते तर हे गेलेच नसते, म्हणजे सगळं माझ्यामुळे झालं. त्यापेक्षा साधी, खरी माहिती द्या. आई नर्सेसच्या वसतिगृहात राहत असेल, तिथे मुलांना ठेवू देत नसतील, बाबा चारजणांच्या खोलीत असतील, तर तसं सांगा. कुवेतमध्ये कुटुंब नेण्यासाठी पगाराची अट असते, आणि 2024 च्या जानेवारीत कुटुंब व्हिसा पुन्हा सुरू झाला तेव्हा ती महिन्याला 800 दिनार होती. आठ वर्षांच्या मुलीला नियम कळतात. शाळेतही नियम असतातच. आणि एवढं सांगून झालं की पुढचं वाक्य सूनबाईंना जड जाईल, पण ते हवं: "तू लहान होतीस, तुला आई हवी होती आणि मी नव्हते. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे." नंतर गप्प बसायचं. माफी मागत रडायचं नाही, नाहीतर मनूला आईचीच समजूत काढावी लागेल.

राहिलं पुणं. माझं स्पष्ट मत असं की नवी आई, नवं घर, नवी शाळा आणि आजी नाही, या चार गोष्टी एकाच जूनमध्ये एका मुलीवर टाकू नयेत. सूनबाईंना रुग्णालयाला विचारता येत असेल, तर रुजू होणं दिवाळीनंतर ढकलता येतं का पाहावं. मुलाने पुढे जाऊन घर बघावं, सूनबाईंनी पहिलं सत्र गावीच मनूबरोबर काढावं, आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा दाखला घेऊन सगळ्यांनी हलावं. पगार काही महिने बुडेल. तो परवडत नसेल, तर मी आग्रह धरणार नाही, घर चालवणं ही काही चैनीची गोष्ट नाही. मग दुसरा रस्ता: जूनमध्ये तुम्हीही पुण्याला जा. शाळा सुरू होऊन पाच-सहा आठवडे होईपर्यंत राहा. सूनबाईंच्या ड्यूट्या पाळीच्या असणार, त्यामुळे तुमचा खरा उपयोग तिथेच आहे. फक्त पुण्यातलं स्वयंपाकघर पहिल्या दिवसापासून सुनेचं आणि तुम्ही तिथल्या पाहुण्या, हे दोघींनी निघण्यापूर्वी बोलून घ्या. मे महिन्यात सुट्टीत दोन-चार दिवस सगळे जाऊन ते घर आणि शाळेचं फाटक मनूला दाखवून आणलंत तर बरं.

तुम्ही परत यायचा दिवस कालनिर्णयवर तिच्या हाताने खूण करून ठरवा, आणि गणपतीला ती गावी येणार त्या दिवशीही खूण करा. आपल्याकडे चतुर्थीला चाकरमानी येतातच, त्यामुळे ही तारीख तिला पोकळ आश्वासन वाटणार नाही. निघायचं दिवसाउजेडी. ती जागी हवी, स्टँडवर सोडायला आलेली हवी, आईचा हात धरून. ती रडेल. तुम्हीही रडाल. रडा, पण गाडी सुटल्यावर. तुमच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी तिच्याबरोबर राहू द्या, आणि सूनबाईंना सांगा की पुण्यात पोचल्या पोचल्या ती धुवायला टाकू नका.

आजोबांचा पत्रात उल्लेख नाही. असले, तर रोज संध्याकाळी एकाच वेळी त्यांनी मनूला फोन करावा. "कविता म्हण" नको. आपल्याकडचं सांगावं: मांजरीला किती पिल्लं झाली, विहिरीला पाणी किती चढलं, आंब्याच्या झाडावर कोण चढलं. तिचं गाव तिथेच आहे, हे तिला रोज कळलं पाहिजे.

शेवटी एक गोष्ट, कारण ती घडेल तेव्हा मी तिथे नसेन. पुढच्या काही महिन्यांत मनू एक दिवस आईवर चिडेल. वही फेकेल, "तू वाईट आहेस, तू मला सोडून गेली होतीस" असं ओरडेल. तुम्हाला वाटेल, इतकं सगळं करून पुन्हा तेच. आजोबा म्हणतील, आईशी असं बोलतात का? त्यांना थांबवा. मनूलाही दटावू नका. सूनबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात येतील, तेव्हा त्यांना पाणी द्या, आणि विचारा, तिने "तू" म्हटलं ते ऐकलंस ना?